लूप क्षेत्रात आहे, पण धारा शून्य

“सर, चुंबकीय क्षेत्रातून सरकणाऱ्या तारेच्या लूपमध्ये किती व्होल्टेज तयार होतं आणि धारा कुठल्या दिशेनं वाहते, या गणिताचा फोटो मिरजेच्या मित्रानं पाठवलाय, खाली उत्तरही लिहिलंय. सगळ्यांकडे तेच फिरतंय: ‘लूप क्षेत्रातून जातंय तोवर B, l, v बदलत नाहीत, म्हणून पूर्ण वेळ 80 mV. क्षेत्र कागदात शिरणारं, अंगठा कागदाकडे, म्हणून धारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. वेगाची दिशा तीच, म्हणून बाहेर पडतानाही तशीच.’ बरोबर आहे का?”

80 mV हा आकडा बरोबर आहे, पण तो फक्त दोन छोट्या वेळांपुरता. फोटोतला लूप म्हणजे तारेची चौकट PQRS, ती उजवीकडे सरकतेय. तिची उभी बाजू 8 सेंमी, आडवी 10 सेंमी, वेग 2 m/s, रोध 0.4 ओहम. फुल्यांनी दाखवलेला क्षेत्राचा पट्टा 30 सेंमी रुंद आहे आणि क्षेत्र 0.5 टेस्ला. P वर डावीकडे, Q वर उजवीकडे, R आणि S खाली.

पहिला मुद्दा. Blv हे एका तारेचं सूत्र आहे, अख्ख्या चौकटीचं नाही. पुढची बाजू QR पट्ट्यात शिरते तेव्हा क्षेत्ररेषा छेदणारी ती एकटीच असते: 0.5 × 0.08 × 2 = 0.08 व्होल्ट. 0.05 सेकंदांनी मागची PS सुद्धा आत येते. आता दोन्ही बाजूंत 80 mV तयार होतात आणि दोन्हींत वरचं टोक धन. दोन सारखे सेल धन टोकाला धन टोक लावून जोडल्यासारखं हे झालं, त्यामुळे चौकटीभोवती बेरीज शून्य. फ्लक्सकडून पाहिलं तरी तेच दिसतं. चौकट पूर्ण आत असताना फ्लक्स 0.004 वेबरवर स्थिर असतो, आणि बदल नसेल तर प्रवर्तन नाही. म्हणजे 0.05 ते 0.15 सेकंद धारा शून्य. मात्र प्रश्नात Q आणि R मधला विभवांतर विचारला असेल, तर तो या काळात शून्य नाही, 80 mV आहे. पेपरात नेमका हाच उपप्रश्न येतो आणि मुलं तिथंही शून्य लिहून मोकळी होतात.

दुसरा मुद्दा मला सर्वात जास्त खटकतो, कारण तिथं लेंझचा नियम अर्ध्यावर सोडलाय. अंगठा थेट मूळ क्षेत्राकडे धरायचा नाही. आधी फ्लक्स वाढतोय की घटतोय ते बघायचं. चौकट शिरताना कागदात जाणारा फ्लक्स वाढतो, म्हणून प्रवर्तित धारेचं स्वतःचं क्षेत्र कागदातून बाहेर येणारं हवं. उजव्या हाताचा अंगठा स्वतःच्या छातीकडे धरा, बोटं घड्याळाच्या उलट वळतात: R कडून Q, मग P, मग S.

ताळा घ्यायचा असेल तर बल बघा. धारा 0.08 ÷ 0.4 = 0.2 अँपिअर. QR मधून ती वर जाते, म्हणून तिच्यावरचं बल डावीकडे येतं: 0.5 × 0.2 × 0.08 = 0.008 न्यूटन. त्याविरुद्ध चौकट ओढायला 0.008 × 2 = 0.016 वॅट लागतात, आणि तारेत उष्णता होते I²R, म्हणजे तेवढीच. फिरतंय त्या उत्तरातली दिशा धरली तर बल उजवीकडे येईल: चौकट कुणी न ओढता वेग घेईल आणि शिवाय गरमही होईल. तसं कधी होत नाही.

तिसरा मुद्दा. बाहेर पडताना वेग तोच असला तरी क्षेत्रात उरते ती PS. तिच्यातही धारा वरच जाते, S कडून P कडे, पण PS डाव्या अंगाला असल्यानं फेरा आता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पडतो. 0.15 ते 0.20 सेकंद पुन्हा 0.2 अँपिअर, दिशा उलट. बल मात्र याही वेळी डावीकडेच.

विश्रामबागेतल्या माझ्या क्लासमध्ये काडेपेटीएवढ्या पुठ्ठ्यावर पातळ तारेचे साठ वेढे घेतले, टोकं गॅल्व्हानोमीटरला जोडली आणि नालाकृती चुंबकाच्या ध्रुवांमधून वेटोळं झटक्यात पलीकडे ओढलं. सुई एकदा एका बाजूला गेली, मग दुसऱ्या. खऱ्या चुंबकाचं क्षेत्र कडेला हळूहळू विरतं, म्हणून गणितासारखे सरळ उभे कोपरे असलेला आलेख तिथं मिळत नाही. पण दिशा उलटते ते मुलांनी डोळ्यांनी पाहिलं.

आता फोटोबद्दल. त्यातल्या फुल्या अंधुक आहेत. मोठं करून नीट बघा, कारण तिथं ठिपके असतील तर आकडे तेच राहून दोन्ही दिशा उलटतील. फोटो आडवा फिरलेला असेल तर ‘वर’ आणि ‘खाली’ बदलतात, घड्याळाची दिशा बदलत नाही. उत्तर RQPS असं अक्षरांत लिहिलं की तोही प्रश्न उरत नाही.