स्टॉक स्टेटमेंटमधला ‘जुना’ माल : एका प्रतिक्रियेला उत्तर

बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये एजिंग, म्हणजे मालाचं वय दाखवा आणि नव्वद दिवसांवरचा माल डीपीत, म्हणजे स्टॉकच्या तारणावर बँक जेवढी रक्कम उचलू देते त्यात, धरू नका, असं मी मूळ लेखात लिहिलं होतं. त्यावरची प्रतिक्रिया : “एजिंगचा एवढा बाऊ कशाला? सॉफ्टवेअरमधून क्लोजिंग स्टॉकची रक्कम काढली की झालं. नव्वद दिवसांवरचा माल वेगळा दाखवायला सांगून तुम्ही आमचा डीपी कमी करताय. आणि आमच्या प्रत्येक वस्तूची गेल्या महिन्यात खरेदी झालीच आहे, मग जुना माल आलाच कुठून?”

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि चूक कुठे होते ते कळलं. वस्तूची शेवटची खरेदी कधी झाली, यावरून मालाचं वय ठरत नाही. गोदामात आत्ता जे नग पडलेत ते कधी आले, यावरून ठरतं.

समजा, एका वस्तूचे ५०० नग शिल्लक आहेत. आधी आलेला माल आधी विकला गेला असं धरून खरेदीची बिलं ताज्याकडून मागे मोजत जा. पंधरा दिवसांपूर्वी १२० नग ४०० रुपयांनी आले, दोन महिन्यांपूर्वी १५० नग ३९०ने, पाच महिन्यांपूर्वी १८० नग ३८०ने. झाले ४५०. उरलेले ५० दहा महिन्यांपूर्वीच्या, ३६० रुपयांच्या खरेदीतले. एकूण किंमत १,९२,९०० रुपये. त्यातला ८६,४०० रुपयांचा माल नव्वद दिवसांवरचा. शेवटच्या दराने सरसकट गुणलंत तर २,००,००० येतात आणि जुनं काहीच दिसत नाही. (दर जीएसटी वगळून घ्या. ज्याचं क्रेडिट घेतलंय तो कर मालाच्या किमतीत धरायचा नाही.)

आता डीपी. बँकेच्या सॅन्क्शन लेटरमध्ये नव्वद दिवसांवरचा माल न धरण्याची अट आणि २५ टक्के मार्जिन आहे, आणि या मालाचे ४०,००० रुपये पुरवठादाराला द्यायचेत, असं धरू. जुना माल वगळून राहिलेल्या १,०६,५०० मधून ४०,००० वजा केले की ६६,५०० उरतात, मार्जिन काढून डीपी ४९,८७५. तुमच्या पद्धतीने तो १,२०,००० येतो. हा फरक मी तयार केलेला नाही, अटीतच आहे. काही बँका १८० दिवस धरतात, म्हणून आधी पत्र वाचा. स्टॉक ऑडिटला आलेला माणूस खरेदीची बिलं मागतो आणि हीच मोजणी करतो. मग आधी उचललेली जादा रक्कम एकदम भरायची वेळ येते.

सॉफ्टवेअरमधली रक्कम घेण्याच्या बाबतीत मात्र तुमचा आक्षेप रास्त आहे, मूळ लेखात मी ते नीट लिहिलं नव्हतं. पुस्तकात सरासरी दराची पद्धत असेल, तर स्टेटमेंटलाही तोच दर लावा. बिलांवरून फक्त नगांचं वय काढा. नाहीतर बेरीज पुस्तकाशी जुळणार नाही. पाच कोटींवर लिमिट असलेल्या कंपन्यांच्या ऑडिट अहवालात तर तिमाही स्टेटमेंट पुस्तकांशी जुळतं का, यावर स्वतंत्र शेरा असतो.

आणि ते दहा महिन्यांपूर्वीचे ५० नग आज ३०० रुपयांनाच खपणार असतील, तर १८,००० नव्हे, १५,००० धरा. डीपीला फरक पडत नाही, ते आधीच वगळलेत. पण पुस्तकातही त्यांची किंमत तेवढीच उतरवावी लागेल.