कोंड्याने कोलेस्टेरॉल उतरत नाही

फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज: "पीठ चाळून उरलेला कोंडा फेकू नका. गिरणीतून बारीक करून रोज दोन चमचे कणकेत मिसळा. तो आतडी घासून साफ करतो आणि कोलेस्टेरॉलही बाहेर ओढून काढतो. फायबर शेवटी फायबरच, इसबगोलावर पैसे कशाला घालवायचे?"

कोंडा फेकू नये, एवढं मान्य. पण आतड्याला घासून काढावी अशी काजळी नसते. कोंड्यातलं बहुतेक फायबर पाण्यात न विरघळणारं असतं. ते जवळपास जसंच्या तसं पुढे सरकतं. त्याचे खरखरीत कण मोठ्या आतड्याच्या अस्तराला टोचतात, अस्तर पाणी आणि चिकट स्राव सोडतं, त्यामुळे मळ मऊ होतो आणि लवकर पुढे जातो. म्हणजे सगळी करामत त्या खरखरीतपणाची. गिरणीत तो दळून घालवला की उपयोगही जातो, आणि उलट मळ घट्ट होऊ शकतो. तेव्हा कोंडा जाडाच राहू द्या.

कोलेस्टेरॉलचं मात्र साफ चूक. घरीच बघा: एका पेल्यात चमचाभर कोंडा, दुसऱ्यात चमचाभर इसबगोल, दोन्हींत पाणी. दहा मिनिटांत इसबगोलाची दाट खळ होते, कोंडा नुसता भिजतो. काम करते ती ही खळ. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. पचनाचं काम झालं की त्यांतली सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषली जाऊन यकृताकडे परततात. खळीत अडकलेली परतत नाहीत, मळावाटे जातात. तूट भरून काढायला यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, खेचून घेतं. कोंडा खळच धरत नाही, मग पित्ताम्लं अडकणार कशात?

इसबगोल बद्धकोष्ठावरही चालतो, कारण त्याची खळ मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना फारशी खाता येत नाही आणि ती धरलेलं पाणी शेवटपर्यंत सोडत नाही. ओट्समधलं बीटा-ग्लुकान हे फायबर कोलेस्टेरॉलसाठी चांगलं, पण जिवाणू ते फस्त करतात. त्यामुळे पोट साफ होण्याच्या कामी ते इतकं उपयोगी नाही. तेव्हा 'फायबर शेवटी फायबरच' हे दोन्हीकडून खोटं ठरतं.

आता हिशेब. रोज सुमारे १० ग्रॅम इसबगोल दोन वेळांत विभागून घेतला, तर काही आठवड्यांत एलडीएल साधारण ७ टक्क्यांनी उतरतं. १५० असेल तर १४०च्या आसपास. बस्स, एवढंच. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी दिली असेल तर ती याच्या भरवशावर बंद करू नका, तिचा उतार ३० टक्के किंवा त्याहून जास्त असतो.

चमचे भरून मोजू नका, इसबगोलाची साल फार हलकी असते. एकदा वजन करून बघा. प्रत्येक वेळी पेलाभर पाणी हवंच, कोरडी साल घशात फुगून अडकते. इतर गोळ्या आणि इसबगोल यांच्यात दोन तास जाऊ द्या.