दरवाढीचा मेल पाठवावा की बिलातच वाढ दाखवावी?

दरवाढ ग्राहकाला आधी मेलने, कारणासह कळवावी, या माझ्या सल्ल्यावर आलेली प्रतिक्रिया: "दरवाढीचा मेल पाठवणे म्हणजे ग्राहकाला दुसरीकडे कोटेशन मागायची आठवण करून देणे. आम्ही पुढच्या बिलात रुपया-दीड रुपया वाढवतो, शंभरातले नव्वद जण विचारतही नाहीत. शिवाय कारण दिले की घासाघीस सुरू होते. तुमचा सल्ला कागदावर छान, धंद्यात नुकसानीचा."

घासाघिशीच्या आपल्या मुद्द्याशी मी बराचसा सहमत आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. मजुरी वाढली, वीज महागली, डिझेल वाढले, अशी चार-पाच कारणे एका मेलमध्ये मांडली की घासाघीस होणारच, कारण त्यातले प्रत्येक कारण समोरच्याच्या कारखान्यातही आहे आणि त्याने ते मुकाट्याने सोसलेले असते. मात्र ग्राहकाला स्वतः पडताळता येईल असे एकच कारण आकड्यासह दिले, तर बोलणे त्या आकड्यापुरते राहते.

पुठ्ठ्याच्या बॉक्सचे उदाहरण घेऊ. समजा पाच प्लायच्या एका बॉक्सचा दर २२ रुपये आहे, वजन ४०० ग्रॅम आहे आणि क्राफ्ट पेपर किलोमागे ४ रुपयांनी वाढला आहे. कटिंगची ५ टक्के घट धरली तर बॉक्समागे ४२० ग्रॅम कागद लागतो, म्हणजे वाढ १ रुपया ६८ पैसे. टक्क्यांत ती ७.६ भरते आणि डोळ्यांत खुपते. पण महिन्याला ५,००० बॉक्स घेणाऱ्याला ती ८,४०० रुपयांची पडते. खरेदी अधिकाऱ्याला हे दोन्ही आकडे द्यावेत, कारण मंजुरी त्याला वरून आणायची असते आणि आपला मेल तो बहुधा तसाच वर पाठवतो. म्हणूनच मेल साहेबांनी वाचावा अशा बेताने लिहावा. विषयाच्या ओळीत "महत्त्वाची सूचना" असे न लिहिता "५ प्लाय बॉक्सचा दर १ ऑगस्टपासून २३.६८ रुपये" असे सरळ लिहावे. मजकूर साधारण असा असावा:

"क्राफ्ट पेपरचा आमचा खरेदीदर किलोमागे ४ रुपयांनी वाढला आहे. आपल्या ४०० ग्रॅमच्या बॉक्सवर, कटिंगची ५ टक्के घट धरून, त्याचा भार १.६८ रुपये येतो. तेवढीच वाढ आम्ही मागत आहोत. ३१ जुलैपर्यंत आलेल्या ऑर्डर जुन्या दरानेच पूर्ण करू, मात्र आपल्या सरासरी मासिक मागणीइतक्याच. कागद किलोमागे २ रुपये किंवा अधिक उतरल्यास याच हिशेबाने दर कमी करू."

मागणीची मर्यादा विसरू नये. ती घातली नाही तर ग्राहक तीन महिन्यांचा माल जुन्या दराने नोंदवतो आणि आपण तो महाग कागदात बनवत बसतो. शेवटच्या वाक्याची किंमतही खरी मोजावी लागते, कारण कागद उतरला की तोच मेल आपल्यासमोर ठेवला जाईल. परंतु दुसऱ्या पुरवठादाराकडे जाण्याचे मोठे कारण याच वाक्याने निघून जाते, कारण तोही त्याच बाजारातून कागद घेतो आणि दर उतरण्याची लेखी हमी सहसा देत नाही. मजुरीची वाढ मात्र या सूत्रात बसत नाही. ती वार्षिक दरकराराच्या वेळीच मागावी.

आता बिलात गुपचूप वाढ करण्याविषयी. जिथे पर्चेस ऑर्डर नसते, मालक स्वतःच चेक लिहितो, तिथे हे चालून जाते, हे मान्य. पण ज्यांची ऑर्डर लेखी असते त्यांच्याकडे अकाउंट्सचा माणूस ऑर्डर, माल आवक नोंद आणि बिल ही तिन्ही जुळवून पाहतो, आणि दर जुळला नाही तर बिल अडकवतो किंवा फरकाची डेबिट नोट काढतो. अशा वेळी कायदाही आपल्या बाजूने उभा राहत नाही: भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६२ नुसार जुन्या कराराच्या जागी नवा करार आणायला दोन्ही पक्षांची संमती लागते, त्यामुळे स्वीकारलेल्या ऑर्डरचा दर एकट्याने बदलता येत नाही. दीड रुपयासाठी पूर्ण बिल दोन महिने अडकले तर वाढीतून काय उरले, हे आपणच मांडून पाहावे.

"विचारत नाहीत" यावर तर मी मुळीच विसंबणार नाही. फोन करून भांडणारा ग्राहक बहुतेक वेळा टिकतो. जाणारा आधी बॉक्सचे ड्रॉइंग, कागदाचे वजन म्हणजे जीएसएम आणि त्याची ताकद सांगणारा बर्स्टिंग फॅक्टर लेखी मागतो, किंवा कारण न देता ऑर्डर निम्मी करतो. उरलेली निम्मी दुसऱ्याकडे चाचणीला गेलेली असते. असे दिसताच दर खाली आणण्याची घाई करू नये. पंधरा दिवसांत पैसे दिल्यास सूट, दोन मापांऐवजी एकच माप, किंवा माल हलका असेल तर कमी जीएसएमचा बॉक्स, यांपैकी त्याला परवडेल ते सुचवावे. सर्वांत मोठ्या पाच-सहा ग्राहकांना मात्र मेलच्या आदल्या दिवशी फोन करावा आणि मेल प्रत्येकाला स्वतंत्र, त्याच्या बॉक्सच्या वजनासह पाठवावा. एकच मजकूर सर्वांना गेला तर १.६८ हा आकडा वेगळ्या वजनाच्या बॉक्सला लागू पडत नाही आणि पहिल्याच उत्तरात ते उघडे पडते.