कोडचा तक्ता आणि त्यातला रिकामा रकाना: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की मुलाखतींचं कोडिंग, म्हणजे बोलण्यातल्या एकेका उताऱ्याला त्याच्या विषयाचं नाव लावणं, सॉफ्टवेअरमध्ये सोपं होतं, पण विश्लेषण संशोधकालाच करावं लागतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया.

प्रतिक्रिया: "ताई, लेख वाचला, पण पटला नाही. सॉफ्टवेअर विश्लेषण करत नाही म्हणता, पण मी २२ मुलाखतींचं कोडिंग केलंय, ११२ कोड झालेत. कुठला कोड किती वेळा आला, कुठल्या गटात आला, हे एका क्लिकवर तक्त्यात दिसतं. निष्कर्ष समोरच असतो. सगळं संशोधकानंच करायचं तर मग कागदाच्या चिठ्ठ्या काय वाईट होत्या? उगाच विद्यार्थ्यांना घाबरवू नका."

असाच एक तक्ता माझ्याही हातात होता, आणि त्याच्या भरवशावर मी एक अख्खं प्रकरण लिहून काढलं होतं. ते प्रकरण पुढे रद्द करावं लागलं. ती गोष्ट मूळ लेखात आली नाही, ही माझी चूक. आज सविस्तर सांगते.

काम होतं नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत येणाऱ्या बायकांबद्दल. छाटणीपासून काढणीपर्यंतच्या हंगामात त्या टोळीनं येतात, डिपिंग करतात, म्हणजे द्राक्षाचे घड औषधाच्या द्रावणात बुडवतात, विरळणी करतात. मुलाखती १८. सॉफ्टवेअर क्वालकोडर, म्हणजे फुकट मिळणारं. पहिली फेरी संपल्यावर कोडच्या यादीत सगळ्यांत वर 'उचल' होता, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे. त्याचे ६४ उतारे निघाले, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या कोडचे जेमतेम निम्मे. मी लिहून मोकळी झाले की या बायकांच्या बोलण्यात उचल हाच सर्वांत मोठा विषय आहे.

मग एकदा ते ६४ उतारे मुलाखतीच्या क्रमानं लावून वाचायला बसले. त्यातले २३ एकाच बाईचे होते. ती सुरगाण्याकडची, बोलकी, आणि एका वर्षाच्या उचलीचा हिशेब तिनं मला पै-पैसह सांगितला होता. ती प्रत्येक वाक्यागणिक थांबायची, त्यामुळे मीही वाक्यागणिक कोड लावत गेले. दुसरी एक बाई तोच सगळा भोग एका दमात बोलून गेली, तो एकच उतारा झाला. माझ्या सहकारी मैत्रिणीला मी एक मुलाखत मुद्दाम पुन्हा कोड करायला दिली. माझे त्यात 'उचल'चे ३ उतारे होते, तिचे ११ निघाले. आमच्यात मतभेद काहीच नव्हता. या मुलाखतीत मी प्रसंग धरून कापलं होतं आणि तिनं ओळ धरून. म्हणजे तक्त्यातला आकडा आधी माझ्या कापण्याच्या सवयीचा होता, आणि मग बायकांच्या बोलण्याचा. तुमच्याकडे सर्वांत वर असलेला कोड उघडा आणि त्याचे उतारे किती मुलाखतींतून आलेत ते आधी मोजा. २२ पैकी चारच मुलाखतींतून आले असतील, तर त्या आकड्यावर वाक्य उभं करू नका.

पण हे ६४ उतारे मला एकाखाली एक वाचता आले, प्रत्येकाशेजारी कुठली बाई, कुठलं गाव हे दिसत राहिलं, आणि क्लिक केलं की मूळ संवादात परत जाता आलं. इथे सॉफ्टवेअरचा मोठा उपकार आहे. चिठ्ठ्यांवर मी पूर्वी काम केलेलं आहे. चिठ्ठी कापली की तिच्या आधीचं वाक्य हरवतं, आणि एका चिठ्ठीला तीन कोड लावायचे तर तिच्या तीन झेरॉक्स लागतात. तिथे पुन्हा जावं असं मी कुणालाच सांगणार नाही.

वाचताना तिसऱ्या की चौथ्या पानावर माझं लक्ष क्रियापदांकडे गेलं. "उचल घेतली होती, ती फेडायची होती." "उचल घेतली म्हणजे टोळीत नाव लागलं, मग काम सुटत नाही." आणि मग, "उचल त्यांनी घेतली, फेडली मी." एकाच कोडखाली मी तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. पहिल्या वाक्यात उचल म्हणजे कर्ज आहे, दुसऱ्यात कामाची हमी आहे, आणि तिसऱ्यात तर पैसा एकानं उचलला नि अंग दुसरीनं झिजवलं, अशी घरातली वाटणी आहे. सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं तिन्ही ठिकाणी 'उचल' हाच कोड होता, कारण तो मीच लावला होता. मी कोड फोडून तीन केले, प्रत्येकाच्या मेमोत, म्हणजे कोडला जोडलेल्या टिपणात, लिहिलं की यात काय बसतं, काय बसत नाही आणि कुठला उतारा पाहून मी हे ठरवलं, आणि अठराच्या अठरा मुलाखती पहिल्यापासून पुन्हा वाचल्या. दहा-बारा दिवस गेले. हे दिवस सॉफ्टवेअरनं वाचवले नाहीत. नुसते जुने ६४ उतारे तीन कोडमध्ये वाटून टाकले असते तर पहिल्या फेरीत सुटलेलं कायमचं सुटलं असतं.

आणि बरंच सुटलं होतं. दुसऱ्या वाचनात असे पाच उतारे सापडले ज्यांत उचल हा शब्दच नाही. "सणाला पैसे दिले होते ना, मग जावंच लागलं." ही उचलच आहे. शब्दशोधानं ती कधीच हाती लागली नसती. उलट 'उचल' अक्षरं टाकून शोध घेतला तेव्हा "कॅरेट उचलून कंबर गेली" ही वाक्यं ढिगानं आली. आपली विभक्ती आणि क्रियापदांची रूपं या शोधाला कळत नाहीत. त्याला फक्त अक्षरांची रांग कळते, त्यामुळे उचलीचे, उचलीला आणि उचलले यांतला फरक आपल्यालाच पाहावा लागतो. शब्दांची वारंवारिता मोजणाऱ्या ढगासारख्या चित्रावर मराठी मजकुरात म्हणूनच माझा अजिबात विश्वास नाही.

याच ओघात एक तांत्रिक गोष्ट सांगून टाकते, कारण तुमच्या २२ मुलाखती एकाहून अधिक लोकांनी टाईप केल्या असतील तर ती तुम्हालाही छळेल. 'शेतकऱ्याने' मधला 'ऱ्या' दोन प्रकारे टाईप होतो. एका कीबोर्डवर त्यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह येतं. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, शोधाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. माझ्याकडे एका शोधात सात मुलाखती पूर्ण गायब होत्या, त्या सातही एकाच मुलीनं टाईप केलेल्या. हे एका ओळीत दुरुस्त होतं:

```python
text = text.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

पण ते फाईल सॉफ्टवेअरमध्ये घेण्याआधीच करा. कोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे क्वालकोडर अक्षरांच्या क्रमांकानं लक्षात ठेवतं. वरच्या बदलात तीन चिन्हांची दोन होतात, म्हणजे कोडिंग झाल्यावर मूळ मजकुरात असा बदल झाला तर पुढची सगळी अक्षरं एकेक घर मागे सरकतात आणि कोड भलत्याच शब्दांवर बसण्याची भीती असते. शोध बरोबर चाललाय का हे तपासायचं तर एक मुलाखत हातानं वाचून शब्द मोजा आणि शोधाच्या आकड्याशी ताडून पाहा.

आता तुम्ही गटांचा उल्लेख केलात त्याबद्दल, कारण मला सगळ्यांत महागात पडलं ते तिथेच. मी प्रत्येक बाईची माहिती भरली होती: वय, गाव, नवऱ्याबरोबर जोडीनं येते की एकटी, लग्न झालंय की नाही. मग नव्या तीन कोडचा या गटांशी तक्ता काढला. "उचल दुसऱ्यानं घेतली, फेडली हिनं" या ओळीत जोडीनं येणाऱ्या बायकांपुढे आकडे होते आणि लग्न न झालेल्या मुलींपुढे शून्य. चित्र इतकं स्वच्छ होतं की वाक्य आपोआप सुचलं: लग्नाआधी मुलीची कमाई तिच्या हातात असते, लग्नानंतर ती नवऱ्याच्या उचलीला बांधली जाते. हेच ते प्रकरण.

मसुदा वाचून माझ्या मैत्रिणीनं एकच प्रश्न विचारला, "त्या मुलींना तू हे विचारलं होतंस का?"

मी मुलाखती उघडल्या. लग्न न झालेल्या मुली चार. त्या चौघींच्या मुलाखती मी सुरुवातीलाच घेतल्या होत्या, आणि "उचल कोण घेतं?" हा प्रश्न माझ्या यादीत आला सहाव्या मुलाखतीनंतर, एका बाईनं आपणहून सांगितल्यावर. रिकाम्या रकान्याचा अर्थ तसं घडत नाही असा होऊ शकतो, घडतं पण सांगितलं नाही असा होऊ शकतो, किंवा कुणी विचारलंच नाही असाही. तक्त्यात तिन्ही वेळा शून्यच छापलं जातं. कोणतं शून्य कुठलं, हे मुलाखत घेणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि सहा महिन्यांनी तोही विसरतो.

तेव्हापासून मी माझ्या प्रश्नांनाही कोड लावते. 'उचलीबद्दल विचारलं' असा साधा कोड, माझ्याच वाक्यावर. मग शून्य दिसलं की आधी हा कोड त्या मुलाखतीत आहे का ते बघते. नसेल तर त्या रकान्याबद्दल एक अक्षर लिहीत नाही. तुमच्या तक्त्यातल्या शून्यांना ही परीक्षा लावून बघा. २२ मुलाखतींसाठी एका दुपारचं काम आहे. आणि ११२ कोडपैकी ज्यांत एक-दोनच उतारे आहेत ते वेगळे काढा, पण ते दुसऱ्या कोडमध्ये विलीन करण्याआधी प्रकल्पाची एक प्रत ठेवा, कारण विलीन झालेले कोड कुठले कुठले होते हे नंतर शोधणं अवघड जातं.

घाबरवायचा हेतू खरंच नाही. पैशाचं म्हणाल तर क्वालकोडर आणि टॅगेट ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, विद्यार्थ्यांनी महागड्या परवान्यासाठी अडून बसू नये. मला एवढंच हवंय की तक्ता छापून आल्यावर कुणी मूळ मुलाखती मिटून ठेवू नयेत.

पुढच्या हंगामात मी त्या चौघींपैकी तिघींना दिंडोरीजवळच्या एका बागेत पुन्हा भेटले. विरळणी चालली होती, हातातली कात्री न थांबवता एकजण बोलत होती. उचल कोण घेतं, असं विचारलं. ती म्हणाली, "दादा घेतो. घरातनं निघायच्या आधीच घेतो. मला आकडा इथे आल्यावर कळतो." दुसऱ्या दोघी होकारार्थी माना हलवत होत्या. संध्याकाळी नाशिकला परतले आणि रात्री त्या ओळीत तीन उतारे भरले.