फ्रेम वजा केली की उल्काच उरते?

«व्हिडिओतल्या लागोपाठच्या दोन फ्रेम एकमेकींतून वजा करा. तारे, सॅटेलाइट सगळं कटतं आणि उरते ती उल्काच. घरचा सीसीटीव्हीसुद्धा चालतो. बेळगावच्या गच्चीवरून एका रात्रीत शेकडो उल्का मिळतात.»

असा दावा ऐकू येतो. प्रत्यक्षात सगळ्यात आधी उरते ती खरखर. अंधारात सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलचा उजेड थोडा थोडा हलत असतो. फुल एचडी फ्रेममध्ये वीस लाखांवर पिक्सेल असतात. वजाबाकीत उरणाऱ्या या हलण्याच्या तिप्पट पातळीवर उंबरठा ठेवला, तरी कच्च्या व्हिडिओत दर फ्रेमला अठ्ठावीसशेच्या आसपास ठिपके त्याच्या वर जातात. म्हणून एकटा ठिपका मोजायचाच नाही. ठिपके एकमेकांना चिकटून असले आणि पुढच्या तीन-चार फ्रेममध्ये एका रेषेत सरकले, तरच पुढे बघायचं.

वजाबाकीतही एक खोच आहे. आठ बिटांच्या चित्रात पायथॉनने सरळ वजा केलं तर 12 मधून 14 गेले की उत्तर 254 येतं, म्हणजे काळ्या आभाळात लख्ख पांढरा ठिपका. त्यासाठी हे वापरा:

```python
d = cv2.subtract(f[n], f[n-1])
```

यात शून्याखालचं सगळं शून्यच राहतं, म्हणून उल्का आत्ता जिथे आहे तेवढीच जागा उजळते. `cv2.absdiff` घेतलात तर ती आधी जिथे होती ती जागाही उजळते आणि एकीच्या दोन होतात.

आता सॅटेलाइट. समजा कॅमेऱ्यात आडवं 90 अंश आभाळ येतं आणि रुंदी 1920 पिक्सेल आहे. म्हणजे एका अंशाला साधारण 21 पिक्सेल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना सेकंदाला अंशभरच सरकतं, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम असतील तर फ्रेममागे पिक्सेलभरही नाही. जेमिनिड उल्कावर्षावातली उल्का सेकंदाला 15 अंशांच्या वेगाने गेली तर एका फ्रेममध्ये 13 पिक्सेल पुढे जाते. म्हणून अंधूक सॅटेलाइट खरोखर कटतो, पण तेजस्वी सॅटेलाइटची पुढची कड उरते. आणि मागची फ्रेम एक सेकंदापूर्वीची घेतली, तर तो अख्खाच उभा राहतो. त्यामुळे काय कटतं आणि काय उरतं, हे दोन फ्रेममधल्या अंतरावर ठरतं.

खरी फसगत मात्र पुढे होते. बरेच जण मिनिटभराच्या सगळ्या फ्रेममधला सर्वांत उजळ पिक्सेल घेऊन एकच चित्र बनवतात. त्यात उल्का आणि सॅटेलाइट, दोघांचीही सारखीच पांढरी रेघ दिसते. प्रत्येक ठिपक्यासोबत फ्रेमचा क्रमांक जपून ठेवला तर प्रश्नच राहत नाही: बहुतेक उल्का सेकंदाच्या आत संपतात, सॅटेलाइट मिनिटभर रेंगाळतो. सांबऱ्याकडे उतरणारं विमान तर समान अंतरावरच्या लुकलुकीनेच ओळखू येतं.

घरच्या सीसीटीव्हीवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. तो व्हिडिओ दाबून साठवतो. ठरावीक फ्रेमनंतर, बऱ्याचदा दर 50 ला, एक पूर्ण चित्र नव्याने येतं आणि त्या क्षणी आभाळाचा पोत बदलतो. वजाबाकीत ते गठ्ठ्याने उजळतं. ओळखायचं कसं? सापडलेल्या फ्रेमच्या क्रमांकांना 50 ने भागा. बाकी पुन्हा पुन्हा तीच येत असेल तर त्या उल्का नव्हेत. आभाळ काही कॅमेऱ्याचा पाढा म्हणत नाही. मेनूमधलं `3D DNR` बंद करा, नाहीतर कॅमेरा जुन्या फ्रेम मिसळून मंद उल्का गिळून टाकतो.

एवढं करूनही खानापूर-जांबोटीकडे मे-जूनमध्ये काजवे चकवतात. तेही छोटी, सरळ, सेकंदाच्या आतली रेघ ओढतात. त्यावर एकच खात्रीचा इलाज आहे, दुसरा कॅमेरा. एक बेळगावात, एक निपाणीत. मधलं हवाई अंतर साठेक किलोमीटर. शंभर किलोमीटर उंचीवरची उल्का दोन्हीकडून ताऱ्यांच्या मानाने तीसेक अंश सरकलेली दिसते. साडेपाचशे किलोमीटरवरचा सॅटेलाइट सहाएक अंश. काजवा दुसऱ्या कॅमेऱ्यात दिसतच नाही. फक्त दोन्ही घड्याळं नेटवरून जुळवून ठेवा. त्यांच्यात पस्तीस सेकंदांचा फरक पडला तर तेवढ्यात सॅटेलाइटच सव्वीस-सत्तावीस अंश पुढे गेलेला असतो आणि कागदावर तो उल्केच्या उंचीवर येऊन बसू शकतो.