एका दिवसाची किरकोळ रजा

मामेबहिणीचं लग्न सोमवारी होतं, म्हणून मला एका दिवसाची किरकोळ रजा हवी होती. वर्षाला त्या 8 मिळतात, पैकी 5 शिल्लक. म्हणजे रजेचा प्रश्न नव्हताच. प्रश्न मायन्याचा होता, कारण तहसीलदार म्हणून नुकत्याच एक बाई आल्या होत्या.

आधीच्या साहेबांना 'मा. तहसीलदार साो' लिहिलं की भागायचं. हा 'साो' आमच्या कोल्हापूरकडचा लाडका. 'साहेब'मधला 'हेब' गाळायचा आणि 'सा'ला आणखी एक काना देऊन त्यावर मात्रा चढवायची. हाताने झोकात येतो, संगणकावर मात्र मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. शिपाईमामा म्हणाले, "बाईंनापण साोच लिवा." मला धीर झाला नाही.

मग नावच लिहू म्हटलं, तर सौ. की श्रीमती? आत्या मागून डोकावली. "श्रीमती? अरे, नवरा धडधाकट आहे ना त्यांचा?" कचेरीत सगळ्याच बायकांना श्रीमती म्हणतात, हे तिला पटेना. शेवटी नाव गाळून नुसतं 'मा. तहसीलदार' लिहिलं आणि खाली 'महोदया'. पद सधवाही नसतं, विधवाही नसतं.

मायन्याची ही भीती जुनी आहे. चौथीत तापाच्या रजेच्या चिठ्ठीत मी 'तीर्थरूप गुरुजी' लिहिलं होतं. गुरुजींनी ती वर्गात वाचून दाखवली आणि म्हणाले, "तीर्थरूप म्हणजे जन्मदाते. बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. तुझा गैरसमज आधी घरी मिटव." त्याच चिठ्ठीच्या शेवटी 'मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' हेही होतं.

आता मजकूर. 'रजा द्या' हा हुकूम झाला. 'रजा द्यावी' ही विनंती, पण देणाऱ्याकडे बोट दाखवणारी. 'रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती' यात कुणीच काही करत नाही, रजा आपली आपण मंजूर होते. हेच ठेवलं.

शेवटी सही. 'आपला आज्ञाधारक' शाळेतच शोभतं. 'कळावे, लोभ असावा' लिहून टाकलं होतं, पण तहसीलदारांकडे लोभ मागणं बरं दिसेना, म्हणून खोडलं. 'आपला विश्वासू' उरलं. विश्वासू तर विश्वासू.

सकाळी अर्ज बाईंच्या टेबलावर ठेवला. अकराला तो माझ्याच टेबलावर परत आला. मायन्यावर, महोदयेवर, विश्वासूवर पेनाचा ठिपकाही नव्हता. वरच्या कोपऱ्यात लाल शाईत एकच शब्द होता: 'मार्फत?'

अर्ज नायब तहसीलदारांमार्फत जायला हवा होता. मी नवा कागद घेतला, 'मार्फत' लिहून विसर्ग दिला आणि थांबलो. वर तहसीलदारांना 'मा.' लावलेलं. नायबांनाही तेवढंच 'मा.' लावलं तर वरच्या नाराज, 'श्री.'वर भागवलं तर खालचे. आणि अर्ज आधी खालचेच वाचणार होते.

"मामा," मी हाक मारली, "नायबांना साो चालेल ना?"