दुकानातली रोख: ‘फुकट’ म्हणे!

“एटीएमच्या रांगेत कशाला उभं राहता? दुकानात कार्ड स्वाइप करताना हवी तेवढी रोख मागा. डेबिट-क्रेडिट कुठलंही कार्ड चालतं, एक पैसा कापत नाहीत, स्टेटमेंटमध्ये नुसती खरेदी दिसते.”

हा मेसेज परवा आत्याकडे पोचला आणि ती क्रेडिट कार्ड घेऊन किराणा दुकानात निघाली होती. म्हणून हे लिहितोय.

आधी सगळ्यात घातक भाग. या सोयीत क्रेडिट कार्ड चालतच नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम स्वच्छ आहे: डेबिट कार्ड आणि काही प्रीपेड कार्डं, बस. मग क्रेडिट कार्डावर रोख देणारा दुकानदार काय करतो? 5000ची खोटी विक्री दाखवतो, आपलं कमिशन कापून उरलेल्या नोटा हातात ठेवतो. दोन टक्के म्हटलं तरी 100 रुपये गेले. बिलावर खरेदी दिसते आणि लगेच व्याज लागत नाही, हे खरं. पण माल न घेता केलेली ही खरेदी बँकेच्या लक्षात आली, तर कार्ड बंद होऊ शकतं. आणि दुकानदाराने नोटा कमी दिल्या, तर तक्रार कसली करणार? कागदावर तुम्ही तांदूळ घेतलेत!

‘हवी तेवढी’ हीसुद्धा थाप. एका डेबिट कार्डावर दिवसाला 1000 रुपये. पन्नास हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांत 2000. आणि खरेदी केलीच पाहिजे असंही नाही, नुसती रोख घेता येते. मात्र दुकान बँकेने त्यासाठी नेमलेलं हवं.

‘एक पैसा कापत नाहीत’ हे बँकेवर अवलंबून. शुल्क एक टक्क्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते असेल तर दुकानात पाटीवर लिहिलेलं हवं. नोटाबंदीच्या वेळी काही आठवडे ते माफ होतं. मेसेज बहुधा तेव्हापासून फिरतोय.

स्टेटमेंटचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. 640चं सामान आणि 1000 रोख घेतली, तर मशीन 1640चा एकच व्यवहार पाठवतं आणि पासबुकात बहुतेक वेळा दुकानाच्या नावावर तेवढाच आकडा उमटतो. शुल्क असलं तर 1000वर जास्तीत जास्त 10 रुपये, अधिक जीएसटी.

पण हिशोब स्टेटमेंटवर नाही, पावतीवर बघायचा. खरेदीबरोबर रोख घेतली तर पावतीवर ती रक्कम वेगळी छापलेली असलीच पाहिजे: सामान 640, रोख 1000. नुसतं ‘विक्री 1640’ आलं, तर दुकानदाराने साधी विक्रीच मारली आहे. तिथल्या तिथे व्यवहार रद्द करायला लावा. काउंटरवर वरचे 20-30 रुपये रोखीने मागितले, तर देऊ नका. पावती घेऊन कार्ड देणाऱ्या आपल्या बँकेत तक्रार टाका.